कन्व्हर्टिबल बाँडची किंमत कशी तपासायची: रूपांतर मूल्य, साध्या बाँडचं मूल्य आणि मधला प्रीमियम

प्रश्न: "एका कंपनीचा कन्व्हर्टिबल बाँड १,०२० ला मिळतोय. दर्शनी मूल्य १,०००, कूपन ४ टक्के, मुदत ५ वर्षं, एका बाँडचे २० शेअर होतात. शेअर आज ४४ ला आहे आणि वर्षाला ०.५० लाभांश देतो. पहिली २ वर्षं कंपनी बाँड परत बोलावू शकत नाही, नंतर १,००० ला कधीही बोलावू शकते. रूपांतर केलं तर ८८० चेच शेअर हातात येतात, मग १४० जास्त का मोजायचे? आणि शेअर कितीही पडला तरी बाँड ८४० च्या खाली जाणार नाही, असं मला सांगितलं गेलंय. ते खरं का?"

उत्तर:

त्या १४० मागे कारण आहे. ते पूर्ण रकमेला पुरतं की नाही, हे कंपनीच्या बोलावण्याच्या अधिकारावर आणि शेअर किती हलतो यावर ठरतं. ८४० चा तळ मात्र तुम्हाला सांगितला गेलाय तितका पक्का नाही. या दुसऱ्या मुद्द्यावरच बहुतेक लोक पैसे गमावतात, म्हणून मी त्याला जास्त जागा देणार आहे.

आधी दोन मूल्यं नीट मांडू. कूपन, म्हणजे बाँडचं वार्षिक व्याज, नुकतंच देऊन झालंय आणि पुढचं बरोबर एका वर्षानं आहे असं धरतो, म्हणजे हिशेब स्वच्छ राहील.

रूपांतर मूल्य सोपं आहे: २० शेअर गुणिले ४४, म्हणजे ८८०. बाँड या क्षणी शेअरमध्ये बदलला तर बाजारात त्याचे एवढेच येतील. कन्व्हर्टिबल याच्या खाली फार काळ राहत नाही. राहिला, तर कोणीही तो विकत घेईल, रूपांतर करील, शेअर विकील आणि फरक खिशात टाकील. अट एवढीच की रूपांतर लगेच करता आलं पाहिजे. काही बाँडांत ते ठरावीक तारखेनंतरच करता येतं, आणि तोवर हा आधार कच्चा असतो.

साध्या बाँडचं मूल्य म्हणजे रूपांतराचा हक्क काढून टाकला तर उरलेल्या रोख्याची किंमत. दरवर्षी ४० असं ५ वर्षं, आणि शेवटी १,०००. या रकमा आजच्या मूल्यात आणायला एक दर लागतो. तुमच्या ८४० मागे ८ टक्के धरलेले दिसतात: कूपनांचं आजचं मूल्य १५९.७, मुद्दलाचं ६८०.६, मिळून ८४०.३.

हा ८ टक्के आला कुठून, हे तुमच्या सल्लागाराला जरूर विचारा. योग्य दर म्हणजे त्याच कंपनीचा, तेवढ्याच मुदतीचा आणि देणी फेडण्याच्या क्रमात त्याच पायरीवरचा साधा बाँड आज जितका परतावा देतो तो. यातली पायरीची गोष्ट हमखास विसरली जाते. कन्व्हर्टिबल अनेकदा दुय्यम कर्ज असतं, म्हणजे कंपनी बुडाली तर आधी बँका आणि तारणवाले, मग वरिष्ठ बाँडधारक आणि त्यानंतर तुम्ही. वरिष्ठ बाँडचा परतावा उचलून दुय्यम रोख्याला लावला तर तळ फुगून दिसतो. ८ च्या जागी ९ टक्के धरले तर हेच मूल्य ८०५ वर येतं. एका टक्क्याच्या अंदाजात ३५ चा फरक पडतो.

आणखी एक चूक वारंवार दिसते. कन्व्हर्टिबलचा स्वतःचा मुदतपूर्ती परतावा घेऊन त्यानंच कूपनं आणि मुद्दल वटवली जातात, म्हणजे आजच्या मूल्यात आणली जातात. १,०२० किमतीला हा परतावा सुमारे ३.५६ टक्के येतो आणि त्यानं वटवलं की उत्तर पुन्हा १,०२० च येणार. त्या किमतीत रूपांतराचा हक्क आधीच मिसळलेला आहे, त्यामुळे त्या परताव्यातून साध्या कर्जाबद्दल काहीच कळत नाही. कंपनीचे साधे बाँड बाजारात नसतील, तर तशाच पतीच्या, त्याच उद्योगातल्या दोनतीन कंपन्यांचे पाहून दर अंदाजावा लागतो. अशा वेळी मी एक आकडा न धरता पट्टा धरतो. इथे तो ७.५ ते ९ टक्के असता.

म्हणजे आज हातात दोन आधार आहेत: शेअरचा ८८० आणि कर्जाचा ८४०. यातला जो मोठा, तो आजचा किमान आधार, म्हणजे ८८०. बाजार मागतोय १,०२०.

आता प्रीमियम. रूपांतर मूल्यावर १४० म्हणजे १५.९ टक्के. प्रति शेअर पाहिलं तर समजायला सोपं जातं. १,०२० ला बाँड घेऊन रूपांतर केलं तर शेअर तुम्हाला ५१ ला पडतो, बाजारात तो ४४ ला आहे, म्हणून ७ जास्त. दुसरा प्रीमियम कर्जाच्या मूल्यावरचा: १८० म्हणजे सुमारे २१ टक्के. पहिला सांगतो की शेअर थेट घेण्यापेक्षा तुम्ही किती महाग घेताय. दुसरा सांगतो की शेअर कोसळला आणि कर्जाचं मूल्य जसंच्या तसं राहिलं, तर तुम्ही किती खाली जाल. त्या वाक्यातला "जसंच्या तसं राहिलं" हा भाग लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचंय.

हे ७ वसूल कसे होतात? एक जुना आणि उपयोगी हिशेब आहे. बाँड वर्षाला ४० देतो. त्याऐवजी २० शेअर धरले असते तर लाभांश १० मिळाला असता. म्हणजे बाँडधारकाला वर्षाला ३० जास्त, प्रति शेअर १.५०. सातला दीडनं भागलं की ४.६७ वर्षं. कूपनाच्या जास्तीच्या उत्पन्नातून प्रीमियम भरून निघायला एवढा काळ लागेल. इथे पहिला इशारा मिळतो: कंपनी २ वर्षांनी बाँड बोलावू शकते. तोवर प्रति शेअर ३ च वसूल झालेले असतील. आणि याच दरम्यान कंपनीनं लाभांश ०.५० वरून १.०० केला तर वार्षिक फायदा १ वर येतो आणि वसुलीचा काळ ७ वर्षं होतो, म्हणजे बाँडच्या मुदतीपेक्षाही जास्त.

पण निव्वळ या हिशेबावर बाँड नाकारणं मला पटत नाही. ज्याला शेअर घ्यायचाच आहे आणि फक्त मार्ग निवडायचाय, त्याच्यासाठी हा हिशेब ठीक. प्रीमियमनं जे खरं विकत घेतलंय त्याला तो शून्य किंमत देतो. विकत घेतलाय तो निवडीचा हक्क: शेअर वर गेला तर शेअर घ्या, नाही तर कर्ज धरून बसा.

या हक्काची किंमत काढायची म्हणजे तो ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क, मानायचा. इथे एका बारकाव्यावर थांबायला हवं, कारण पुष्कळ लोक त्यात घसरतात. या ऑप्शनचा स्ट्राइक, म्हणजे शेअर घेण्याची ती ठरलेली किंमत, सरळ ५० नाही. ५० हा केवळ १,००० भागिले २० आहे. रूपांतर करताना तुम्ही रोख १,००० देत नाही, बाँड सोडून देता. म्हणून खरा स्ट्राइक म्हणजे त्या क्षणी सोडून दिलेल्या साध्या बाँडचं मूल्य. मुदतपूर्तीला ते १,००० असतं, म्हणजे प्रति शेअर ५० बरोबर. पण २ वर्षांनी, ३ वर्षं उरलेली असताना, ८ टक्क्यांनी ते ८९७ असेल, म्हणजे प्रति शेअर ४४.८५.

आता शेअरचा वार्षिक चढउतार ३० टक्के धरू, बिनजोखमीचा दर ५ टक्के. कंपनीला बोलावण्याचा हक्क नसता आणि ऑप्शन पूर्ण ५ वर्षं जगला असता, तर नेहमीच्या ब्लॅक-शोल्स सूत्रानं प्रति शेअर सुमारे ११.९ येतात. २० शेअरचे २३९. त्यात कर्जाचे ८४० मिळवले की १,०७९. एवढ्यावर थांबलं तर वाटेल, १,०२० ला बाँड स्वस्तात मिळतोय. विक्रीच्या कागदांवर हाच हिशेब हमखास छापलेला असतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. शेअर ५० च्या वर गेला आणि बोलावण्याची मुभा सुरू झाली, की कंपनीनं नोटीस काढायचीच खोटी. नोटीस आली की तुमच्यापुढे दोन पर्याय: १,००० रोख घ्या किंवा २० शेअर घ्या. शेअर ५० च्या वर असेल तर तुम्ही शेअर घेणार, आणि उरलेल्या वर्षांचा ऑप्शन तिथेच संपणार. म्हणून खालची कड अशी काढता येते: ऑप्शन २ वर्षंच जगतो, आणि तेव्हा तुम्ही शेअर किंवा ८९७ चा बाँड यांतलं मोठं ते निवडता. ४४.८५ स्ट्राइकच्या अशा २ वर्षांच्या ऑप्शनची किंमत प्रति शेअर सुमारे ८.३ येते, २० शेअरचे १६६. कर्ज मिळवून १,००६.

खरी किंमत या दोन कडांच्या मध्ये असते. २ वर्षांनी शेअर ५० च्या खालीच असेल तर कंपनी बहुधा बोलावणार नाही आणि तुमचा हक्क आणखी काही काळ जगेल, म्हणून १,००६ पेक्षा थोडं जास्त. पण त्यानंतर बाँड १,००० आणि रूपांतर मूल्य यांतल्या मोठ्या आकड्याच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण कंपनीची टांगती नोटीस त्याला दाबून ठेवते. म्हणून १,०७९ पासून बरंच खाली. मला १,०१५ ते १,०३५ हा पट्टा योग्य वाटतो. ३० टक्के चढउतार खरा असेल तर १,०२० ही रास्त किंमत आहे. स्वस्त म्हणता येणार नाही.

चढउतार २५ टक्के धरला तर त्या दोन कडा ९८३ आणि १,०४५ होतात आणि १,०२० महागाच्या बाजूला झुकतं. म्हणजे सगळा निकाल ३० की २५ यावर येऊन ठेपतो. शेअरच्या गेल्या वर्षभराच्या हालचालीवरून आकडा काढणं हा एक मार्ग. पण त्या वर्षात एखादी मोठी बातमी येऊन गेली असेल तर आकडा फुगलेला असतो. मी ती मोठी उडी काढून आणि ठेवून, असा दोन्ही प्रकारे काढतो. बाजारात त्या शेअरचे लांब मुदतीचे ऑप्शन चालत असतील तर त्यांच्या किमतीत दडलेला चढउतार पाहणं जास्त विश्वासाचं. तिथेही ५ वर्षांचे सहसा नसतात, तेव्हा वर्ष-दोन वर्षांचा आकडा घेऊन थोडा खाली ओढावा लागतो.

कंपन्या मिळालेला हक्क लगेच वापरतात का? सिद्धांत सांगतो की रूपांतर मूल्य बोलावण्याच्या किमतीला पोचताच बोलावणं कंपनीच्या भागधारकांच्या हिताचं आहे. जोनाथन इंगरसोल यांनी १९७७ मध्ये प्रत्यक्षात काय घडतं ते तपासलं, तेव्हा कंपन्या बऱ्याच उशिरा बोलावताना दिसल्या. एक व्यवहारी कारण उघड आहे. नोटीस आणि रूपांतर यांच्यामध्ये काही आठवडे जातात. त्या काळात शेअर पुन्हा ५० च्या खाली घसरला तर सगळे रोख मागतील आणि कंपनीला अचानक मोठी रक्कम उभी करावी लागेल. म्हणून शेअर पुरेसा वर जाईपर्यंत थांबलं जातं. अनेक बाँडांच्या अटीतच हे लिहिलेलं असतं: शेअर रूपांतर किमतीच्या १३० टक्क्यांवर, म्हणजे इथे ६५ वर, ३० पैकी २० व्यवहार-दिवस राहिला तरच बोलावता येईल. तुम्ही सांगितलेल्या अटींत असं काही नाही. मूळ दस्तऐवजात एकदा पाहा, कारण ती अट असेल तर बाँडची खरी किंमत १,०७९ च्या बरीच जवळ सरकेल आणि १,०२० ला तो खरंच स्वस्त ठरेल.

बोलावण्याच्या हक्काचा सगळ्यात जोरदार फटका वरच्या टोकाला बसतो. समजा २ वर्षं उलटली, शेअर ७० ला आहे, रूपांतर मूल्य १,४०० आणि कोणीतरी बाँड १,४५० ला विकतोय. ३.६ टक्क्यांचा प्रीमियम किरकोळ वाटतो. पण कंपनी उद्या नोटीस काढू शकते आणि मग ते वरचे ५० एका दिवसात जातात, शेअर जराही न हलता. बोलावण्याची मुदत सुरू झालेल्या, वर गेलेल्या बाँडवर मी प्रीमियम जवळजवळ द्यायचाच नाही असं ठरवलंय. फार तर पुढच्या कूपनातून लाभांश वजा करून जे उरतं तेवढा.

आता तळाकडे येतो.

"८४० च्या खाली जाणार नाही" या विधानात एक गृहीतक दडलेलं आहे: शेअर पडताना कर्जाचा दर ८ टक्केच राहील. पण शेअर आणि कर्ज एकाच कंपनीवर उभे आहेत. शेअर निम्मा होतो तेव्हा सहसा कंपनीच्या कमाईबद्दल किंवा कर्ज फेडण्याच्या ताकदीबद्दल बाजाराचं मत बदललेलं असतं, आणि तेच मत तिच्या बाँडच्या परताव्यातही उमटतं. समजा शेअर ४४ वरून २२ वर आला आणि कर्जदारांनी ८ ऐवजी १४ टक्के मागायला सुरुवात केली. रूपांतर मूल्य ४४०. साध्या बाँडचं मूल्य: कूपनांचे १३७, मुद्दलाचे ५१९, मिळून ६५७. त्यावर ऑप्शनचं थोडं मूल्य उरेल, तीसेक धरा. बाँड ६९० च्या आसपास येईल.

१,०२० ला घेतलेल्या माणसाचं नुकसान सुमारे ३२ टक्के. शेअरधारकाचं ५० टक्के. म्हणजे बाँडनं वाचवलं हे खरं, पण ८४० च्या तळावर विसंबून त्यानं स्वतःच्या मनात १८ टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती मोडली. तळ होता, पण तो शेअरबरोबर खाली सरकला.

हे कुठे घडेल आणि कुठे नाही, याचा अंदाज आधी घेता येतो. माझी पहिली कसोटी अशी: शेअर कशामुळे पडू शकतो? चांगल्या पतीच्या, थोडं कर्ज असलेल्या कंपनीचा शेअर केवळ महाग झाला होता म्हणून पडला, तर कर्जाचा दर जेमतेम हलतो. तिथे तळ बऱ्यापैकी खरा असतो. आधीच बरंच कर्ज असलेल्या, रोख खर्च करत चाललेल्या कंपनीत शेअर आणि कर्ज एकाच कारणानं पडतात, आणि तिथे ८४० हा आकडा फक्त आजच्या दिवसापुरता खरा. दुसरी कसोटी: त्या कंपनीचे साधे बाँड असतील तर शेअर याआधी जोरात पडला तेव्हा त्यांचा परतावा किती वाढला ते पाहा. शेअर ३० टक्के पडताना परतावा दोन टक्क्यांनी वाढला असेल, तर पुढच्या वेळच्या तळाचा अंदाज तिथूनच करा, आजच्या दरावरून नको. तिसरी, सोपी कसोटी: दर ४ टक्क्यांनी वाढवून, म्हणजे इथे १२ टक्क्यांनी, साध्या बाँडचं मूल्य पुन्हा काढा. ते ७१२ च्या जवळ येतं. मी गुंतवणुकीचं आकारमान या दुसऱ्या आकड्यावरून ठरवतो, ८४० वरून कधीच नाही.

व्याजदर सगळीकडे वाढले तरी तळ सरकतो. कंपनीला काहीही झालेलं नाही, पण बाजाराचे दर २ टक्क्यांनी वर गेले तर ८४० चे ७७३ होतात. दर वाढताना महाग शेअरही अनेकदा पडतात, तेव्हा दोन्ही आधार एकाच वेळी खाली येतात.

आणि कधी कधी बाजारभाव साध्या बाँडच्या गणिती मूल्याच्याही खाली जातो. २००८ च्या शरदात, लेमन ब्रदर्स कोसळल्यानंतर, हे मोठ्या प्रमाणावर झालं. कन्व्हर्टिबलचे मोठे धारक तेव्हा हेज फंड होते. ते कर्ज काढून बाँड घेत आणि समोर शेअर शॉर्ट करत, म्हणजे उसने घेऊन विकत. कर्ज देणाऱ्यांनी पैसे परत मागितले, गुंतवणूकदारांनी काढून घेतले, आणि अमेरिकेत त्याच सप्टेंबरमध्ये वित्तीय कंपन्यांचे शेअर शॉर्ट करण्यावर काही आठवड्यांची बंदी आल्यानं त्या शेअरपुरती ही जोडीच मांडता येईना. सगळ्यांना एकदम विकायचं होतं आणि घ्यायला कोणी नव्हतं. ज्यांच्याकडे रोख होती आणि मुदतपूर्तीपर्यंत थांबण्याची तयारी होती त्यांच्यासाठी ती संधी ठरली. ज्यांना विकावंच लागलं त्यांच्या कामी तळ आला नाही. म्हणून हा आधार मुदतीपर्यंत धरू शकणाऱ्याचा आहे, तोही कंपनीनं देणं चुकवलं नाही तर. मधल्या कुठल्याही दिवशीच्या बाजारभावाची हमी तो देत नाही.

शेअर आणि कर्जाचा हा संबंध गणितात घालायचा असेल तर त्सिव्हेरिओटिस आणि फर्नांडिस यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही बरीच वापरली जाते. तिचा गाभा असा: बाँडमधून जे शेअरच्या रूपानं मिळणार ते बिनजोखमीच्या दरानं वटवायचं, कारण कंपनी स्वतःचे शेअर नेहमीच देऊ शकते. जे रोखीच्या रूपानं मिळणार ते कंपनीच्या पतीनुसार वाढवलेल्या दरानं. वर मी ऑप्शनला ५ आणि कर्जाला ८ टक्के लावले, त्यामागे हाच विचार आहे. व्यवहारात हे अनेकदा झाडासारख्या फुटणाऱ्या टप्प्यांवर केलं जातं, म्हणजे बोलावण्याचा आणि रूपांतराचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर तपासता येतो. पण तिथेही पतीचा दर तुम्हीच घालता, आणि तो शेअरच्या किमतीबरोबर बदलायचा की नाही हेही तुम्हीच ठरवता. स्थिर ठेवलात तर महागडं सॉफ्टवेअरही तुम्हाला तोच न हलणारा ८४० दाखवेल.

तुमच्या बाँडसाठी व्यवहारात मी काय केलं असतं? शेअर ४४, रूपांतर किंमत ५०, म्हणजे तो मधल्या पट्ट्यात आहे, जिथे कन्व्हर्टिबल खरंच कन्व्हर्टिबलसारखा वागतो. शेअर १० टक्के वाढून ४८.४ झाला तर रूपांतर मूल्य ९६८ होईल, आणि बाँड माझ्या अंदाजानं पन्नासएकनं वाढून १,०७० च्या जवळ जाईल, म्हणजे ५ टक्के. प्रीमियम १५.९ वरून साडेदहाच्या आसपास उतरेल. हा प्रीमियम आकसणं म्हणजे नुकसान नव्हे, तो तसाच आकसत जातो. शेअरच्या वाढीचा निम्मा भाग मिळावा आणि घसरणीत त्याहून कमी सोसावं लागावं, हीच या पट्ट्यातली खरेदी. त्यासाठी १,०२० देणं चढउतार ३० टक्क्यांच्या जवळ असेल आणि १२ टक्के दरावरचा ७१२ चा आकडा तुम्हाला सोसवत असेल तर योग्य. चढउतार २२-२३ टक्केच असेल तर मी ९८० च्या वर गेलो नसतो.

घेण्याआधी दस्तऐवजात दोन कलमं शोधा. पहिलं, कंपनी दुसऱ्या कोणी रोखीत विकत घेतली तर काय. समजा कोणी ४८ नं सगळे शेअर घेतले. रूपांतर मूल्य ९६० वर गोठतं, शेअर बाजारातून जातो आणि उरलेल्या वर्षांचा ऑप्शन एका झटक्यात संपतो. चांगल्या अटींत अशा वेळी दर्शनी मूल्याला बाँड परत देण्याचा हक्क असतो आणि शिवाय रूपांतराचे शेअर वाढवून देणारा तक्ता असतो. तो नसेल तर शेअर चढूनही तुमचं नुकसान होतं. दुसरं कलम साचलेल्या व्याजाचं. रूपांतर केलं की शेवटच्या कूपनानंतर साचलेलं व्याज अनेक बाँडांत बुडतं, आणि काही कंपन्या कूपनाच्या तारखेच्या थोडं आधी बोलावतात ते याचसाठी.

याच व्याजामुळे भाव वाचतानाही फसायला होतं. मी कूपन नुकतंच दिलंय असं धरलं. तुम्ही ६ महिन्यांनी याच १,०२० ला घेत असाल आणि हा भाव व्याज वगळून सांगितलेला असेल, तर प्रत्यक्ष खिशातून १,०४० जातील. साचलेल्या त्या २० वर रूपांतरात तुमचा हक्क नसेल तर रूपांतर मूल्यावरचा प्रीमियम १५.९ नव्हे, १८.२ टक्के आहे.